किशोर संघाच्या प्रशिक्षकाचा राजीनामा : एका पत्राचे दोन मसुदे

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे खो-खोचे मंडळ आहे. मी त्या मंडळाचा सहसचिव असताना सभांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे पुढे सांगितलेल्या प्रकरणातील दोन्ही पत्रे माझ्या हातून गेली. मंडळाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही, कारण प्रकरणात कोणाची लबाडी नव्हती. पत्र कसे लिहावे आणि आलेल्या पत्राचे काय करावे हे आम्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते, एवढेच.

किशोर गट म्हणजे चौदा वर्षांखालील मुले. आमच्याकडे त्या गटात बावीस मुले सरावाला येत आणि गेली सात वर्षे एकच प्रशिक्षक त्यांना शिकवत होते. ते एका बँकेत लिपिक होते. बँक सुटली की साडेपाचला मैदानावर येत, साडेसातला दिवे बंद करून जात. मंडळ त्यांना महिन्याला चार हजार रुपये मानधन देत असे, आणि त्यातले निम्मे तरी मुलांच्या केळ्या-चिक्कीवर खर्च होत हे खजिनदारांनाही माहीत होते. ते प्रशिक्षक होते तसेच कार्यकारी मंडळाचे निवडून आलेले सदस्यही होते. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे तिच्यामुळेच अर्धा घोळ झाला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची अधिकारीपदावर पदोन्नती झाली आणि नेमणूक चंद्रपूर जिल्ह्यात मिळाली. 10 जुलैला तेथे रुजू व्हायचे होते. पदोन्नती नाकारावी की घ्यावी यावर त्यांनी घरी चार दिवस घालवले आणि पाचव्या दिवशी एका पानाचे पत्र लिहून सचिवांच्या दुकानात नेऊन दिले.

त्या पहिल्या पत्राचा मजकूर साधारण असा होता : ‘काही अपरिहार्य वैयक्तिक कारणांस्तव मी मंडळातील माझ्या सर्व पदांचा व जबाबदाऱ्यांचा तात्काळ प्रभावाने राजीनामा देत आहे. तरी तो मंजूर करावा, ही नम्र विनंती.’ त्याखाली, सही करण्याआधी, त्यांचे मन भरून आले असावे. कारण पुढचे अर्धे पान मुलांविषयी होते. अमुक मुलाच्या गुडघ्याचे दुखणे बरे झालेले नाही, त्याला खांबावर सूर मारू देऊ नका. अमुक मुलाच्या घरची परिस्थिती बेताची आहे, त्याची फी मी माफ करून घेतली होती, ती तशीच माफ ठेवा. अमुक दोघे भाऊ एका तुकडीत खेळवू नका, ते एकमेकांवर चिडतात. आणि शेवटी, ‘मी महिन्यातून एखाद्या रविवारी येत जाईन’. सगळी नावे स्पष्ट लिहिलेली होती.

पत्राचा वरचा भाग सरकारी कागदासारखा थंड आणि खालचा भाग घरच्या चिठ्ठीसारखा होता. दोन्ही भाग आपापल्या जागी चुकीचे नव्हते. एका कागदावर मात्र ते यायला नको होते.

वरच्या भागातले पहिले दुखणे म्हणजे ‘वैयक्तिक कारणांस्तव’. आपल्याकडे सार्वजनिक संस्थेत हे शब्द कोणी शब्दशः वाचत नाही. साखर कारखाना असो, पतपेढी असो वा तालीम असो, ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ याचा अर्थ ‘आतून काहीतरी बिनसले’ असाच घेतला जातो. आमच्याकडे तर त्याला निमित्तही तयार होते. त्याच उन्हाळ्यात मॅट विकत घ्यावी की मैदानाची माती बदलावी यावर कार्यकारी मंडळात दोन तट पडले होते आणि प्रशिक्षक मातीच्या बाजूने होते, कारण चौदा वर्षांच्या आतील मुलांचे पाय आधी मातीवर तयार व्हावेत असे त्यांचे मत होते. शेवटी मॅटचा ठराव झाला. त्यानंतर दीड महिन्यात ‘वैयक्तिक कारणांस्तव’ असे पत्र आल्यावर गावाने काय समजायचे ते समजून घेतले. खरे कारण सन्मानाचे, अगदी पेढे वाटण्याजोगे होते. ते लपवण्याची काही गरज नव्हती. मी नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, पत्रात स्वतःची पदोन्नती लिहायची म्हणजे मिरवल्यासारखं वाटतं.’ संकोच खरा होता, पण त्याची किंमत मंडळाला मोजावी लागली.

दुसरे दुखणे ‘सर्व पदांचा’ या दोन शब्दांत होते. प्रशिक्षकपद हे कार्यकारी मंडळाने दिलेले काम आहे. ते सोडले तर मंडळाच्या सभेत ठराव करून दुसऱ्याला देता येते आणि विषय संपतो. कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व ही वेगळी गोष्ट आहे. आमच्यासारख्या नोंदणीकृत संस्थेत कार्यकारी मंडळाची नावे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील नोंदवहीत असतात आणि त्यांत बदल झाला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो. त्यासाठी राजीनाम्याची प्रत, सभेची सूचना, ठरावाची प्रत, नव्या सदस्याचे संमतिपत्र अशी कागदांची चळत लागते. आमच्या कार्यकारी मंडळाची मुदत ऑगस्टमध्ये संपतच होती आणि सप्टेंबरच्या वार्षिक सभेत नवी निवड व्हायची होती. जूनमध्ये एक जागा रिकामी झाली असती तर तिच्यासाठी एक बदल अर्ज आणि सप्टेंबरच्या निवडीनंतर दुसरा, असे दोन खेटे पडले असते. लिहिणाऱ्याच्या मनात यातले काहीही नव्हते. ‘सगळेच सोडून चाललो आहे’ एवढ्याच अर्थाने त्यांनी ते लिहिले होते.

‘तात्काळ प्रभावाने’ हे तर कुठल्याशा नमुन्यातून उचललेले शब्द होते. ज्या माणसाला 10 जुलैला रुजू व्हायचे आहे आणि जो स्वतः 15 जूनला शाळा सुरू झाल्यावर नव्या मुलांच्या चाचण्या घेण्याचे ठरवत होता, त्याचा राजीनामा तात्काळ का असावा? पण शब्द पत्रात आले की ते लागू होतात. सचिवांनी ते वाचून दुसऱ्या दिवशी सरावाला कोण उभे राहणार या काळजीने फोनाफोनी सुरू केली, आणि त्या गडबडीत जे व्हायला नको होते ते झाले.

सचिवांनी पत्राचा फोटो काढून तो कार्यकारी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा होता; तो पालकांच्या गटावर गेला. दोन्ही गटांचे चित्र एकच होते, मंडळाचे बोधचिन्ह. सात-आठ मिनिटांनी त्यांनी तो पुसला, पण तोपर्यंत तो उघडला गेला होता आणि एका पालकाने जतनही केला होता. संध्याकाळी मैदानावर प्रशिक्षक पोचले तेव्हा मुलांना सगळे ठाऊक झालेले होते आणि ते सांगण्याची त्यांची संधी गेली होती. त्यापेक्षा वाईट गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. ज्या मुलाची फी माफ होती तो आला नाही. त्याच्या आईला फी माफ असल्याचे माहीत होते. त्याला स्वतःला नव्हते, आणि त्याच्या बरोबरच्या मुलांना तर नव्हतेच. शाळेच्या बसमध्ये कोणीतरी त्याला त्यावरून काही बोलले. तो चार दिवस सरावाला आला नाही. पाचव्या दिवशी प्रशिक्षक त्याच्या घरी जाऊन त्याला सायकलवरून घेऊन आले.

आमच्या घटनेनुसार सभेने मंजूर केल्याखेरीज राजीनामा अमलात येत नाही. ही तरतूद एरवी कोणाच्या लक्षात नसते, त्या वेळी ती उपयोगी पडली. सभा 18 जूनला झाली. अध्यक्षांनी पत्र वाचून न दाखवता बाजूला ठेवले आणि प्रशिक्षकांना सरळ विचारले, ‘सर, तुम्हाला नेमकं काय सोडायचंय, आणि कधी?’ या एका प्रश्नावर पाऊण तास चर्चा झाली. सचिवांचा आग्रह होता की ऑक्टोबरमधील जिल्हा निवड चाचणीपर्यंत त्यांचे नाव प्रशिक्षक म्हणून ठेवावे, शनिवार-रविवार ते येऊन जातील. प्रशिक्षकांनाही हे मोहाचे वाटत होते. त्यांच्या पत्रातले ‘एखाद्या रविवारी येत जाईन’ त्यातलेच होते. विरोध केला तो खजिनदारांनी. चंद्रपूरहून साताऱ्याला यायचे म्हणजे महाराष्ट्राचे एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला येणे. नव्या अधिकाऱ्याला पहिल्या सहा महिन्यांत बँकेतून तेवढी सवड मिळणार नाही. आणि जो नवा माणूस रोज मैदानावर उभा राहील त्याच्या डोक्यावर ‘खरे सर रविवारी येणार आहेत’ ही टांगती तलवार राहील. मुले आठवडाभर नव्याचे ऐकणार नाहीत, रविवारची वाट पाहतील. पाळता न येणारे वचन पत्रात लिहिले की त्याचा त्रास लिहिणाऱ्याला कमी आणि मागे राहणाऱ्याला अधिक होतो, असे ते म्हणाले, आणि मला ते तेव्हाही पटले होते.

प्रशिक्षकांनी पहिले पत्र सभेतच मागे घेतले. तशी नोंद मी इतिवृत्तात केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे पत्र दिले त्याचा मजकूर पूर्ण देतो :

‘मा. अध्यक्ष व कार्यकारी मंडळ यांस,
विषय : बदलीमुळे किशोर गट संघाच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा.
महोदय, बँकेतील पदोन्नतीनंतर माझी नेमणूक चंद्रपूर जिल्ह्यात झाली असून मला 10 जुलै रोजी तेथे रुजू व्हायचे आहे. मी कुटुंबासह तिकडे राहायला जात असल्यामुळे किशोर गट संघाचे प्रशिक्षण यापुढे मला करता येणार नाही. म्हणून या पदाचा राजीनामा सादर करत आहे. 5 जुलै रोजीचा सराव हा माझा शेवटचा सराव असेल व तो संपल्यावर हा राजीनामा अमलात यावा, ही विनंती.
हा राजीनामा केवळ प्रशिक्षकपदाचा आहे. कार्यकारी मंडळाची मुदत ऑगस्टमध्ये संपत आहे; पुढील निवडीसाठी माझे नाव विचारात घेऊ नये.
माझ्याकडे असलेले मंडळाचे साहित्य, कागदपत्रे व खेळाडूंच्या नोंदी मी मंडळ नेमेल त्या व्यक्तीकडे 5 जुलैपूर्वी यादीसह सोपवीन. खेळाडूंच्या वैयक्तिक बाबींविषयीची टिपणे स्वतंत्रपणे, केवळ नव्या प्रशिक्षकांकडे, पालकांच्या संमतीने देईन. मुलांना व पालकांना ही गोष्ट मी स्वतः 22 जूनच्या सरावानंतर सांगणार आहे.
सात वर्षे मंडळाने हे काम माझ्याकडे विश्वासाने ठेवले, त्याबद्दल मी ऋणी आहे.
आपला नम्र, …’

यात कारण एका वाक्यात आहे आणि त्या वाक्यात ‘चंद्रपूर’ हे जिल्ह्याचे नाव आहे. हे नाव मला फार महत्त्वाचे वाटते. ‘बाहेरगावी बदली’ असे लिहिले असते तरी चालले असते, पण ठिकाणाचे नाव आले की शंकेला जागा उरत नाही. चंद्रपूरला राहणारा माणूस संध्याकाळी साडेपाचला आमच्या मैदानावर येऊ शकत नाही, हे कोणालाही कळते. हे कारण त्याहून लांबवले असते तर ती सारवासारव वाटली असती. मॅट-मातीच्या वादाचा उल्लेख करून ‘त्याचा याच्याशी संबंध नाही’ असे लिहावे, अशी एक सूचना सभेत आली होती. ती प्रशिक्षकांनी ऐकली नाही ते बरे झाले; ज्यांनी तो संबंध जोडला नव्हता त्यांनीही मग तो जोडला असता.

तारखेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मुलांच्या संघाचा प्रशिक्षक महिन्याच्या शेवटी सुटत नाही, हंगामाच्या खाचेत सुटतो. आमच्याकडे जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत मैदान चिखलाचे असते आणि सराव शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतो. तेथे खांब रोवता येत नाहीत, त्यामुळे सूर मारण्याचे शिक्षण बंदच असते. धावणे, दिशा घेणे, बसल्या जागेवरून झटकन उठणे आणि खो मिळताच पहिले पाऊल टाकणे, एवढेच करून घेतात. नव्या माणसाने मुलांची नावे आणि स्वभाव शिकावेत, यासाठी वर्षातला याहून चांगला काळ नाही. तालुक्याच्या शालेय स्पर्धा त्यानंतर सुरू होतात. बदलीचे पत्र ऑक्टोबरमध्ये आले असते तर याच पत्रात निवड चाचणीच्या प्रवेश अर्जावर प्रशिक्षक म्हणून कोणाचे नाव जाणार, हेही लिहावे लागले असते. नशिबाने तो प्रश्न पडला नाही.

आता सोपवण्याच्या यादीकडे येतो, कारण राजीनाम्याच्या पत्रातले खरे काम त्या एका वाक्यात दडलेले होते. साहित्य सोपे होते : शंकू, दोरी, दोन स्टॉपवॉच, प्रथमोपचाराची पेटी, शेडच्या कुलपाच्या तीन किल्ल्या. कागद अवघड निघाले. वयाच्या पुराव्यासाठी मुलांचे जन्मदाखले आणि आधारच्या प्रती वर्षानुवर्षे त्यांच्या घरच्या कपाटात साठल्या होत्या. त्यांत तीन मूळ दाखले होते, जे पालकांनी घाईत दिले आणि परत नेले नव्हते. मूळ दाखले पालकांची सही घेऊन परत केले. ज्या मुलांनी खेळ सोडला होता किंवा जी वय वाढून कुमार गटात गेली होती, त्यांच्या प्रती फाडून टाकल्या. त्याशिवाय जिल्हा संघटनेशी होणारा सगळा पत्रव्यवहार आणि खेळाडू नोंदणी त्यांच्या स्वतःच्या ई-मेलवर आणि मोबाइल क्रमांकावर चालत असे. हे आधी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. तसेच राहिले असते तर ऑक्टोबरमध्ये चाचणीची सूचना चंद्रपूरला पोचली असती. मंडळाच्या नावाचा नवा ई-मेल उघडून जिल्हा संघटनेला अध्यक्षांच्या सहीने कळवले, तेव्हा कुठे ते निस्तरले.

मुलांविषयीची टिपणे मी पाहिली नाहीत आणि पाहू नयेत हेच योग्य होते. पण त्यांतील एक प्रशिक्षकांनी संबंधित मुलाच्या वडिलांसमोर नव्या प्रशिक्षकांना वाचून दाखवले तेव्हा मी शेडमध्ये होतो. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाला जेथे उंचवटा असतो, तेथे त्या मुलाला दुखत होते. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात धावणाऱ्या मुलांना हे होते. टिपणात निदान किंवा उपदेश नव्हता. दाबल्यावर दुखते का हे दर सोमवारी विचारायचे. दुखत असेल तर उकिडवे बसून झटक्याने उठण्याचे व्यायाम आणि उड्या त्या आठवड्यात बंद. त्याला बाजूला बसवून न ठेवता साखळीचा सराव चालत असताना वेळ लावायला आणि गुण मोजायला द्यायचे. आणि डॉक्टरांची चिठ्ठी आल्याखेरीज सूर मारायचा नाही, मुलगा कितीही म्हणाला तरी. शेवटी एक ओळ होती : ‘दुखत असले तरी तो दुखत नाही म्हणतो. जिना उतरताना बघावे.’ वडिलांनी मान हलवली. ही ओळ पहिल्या पत्रासारखी सर्वांसमोर गेली असती तर मुलगा खोटारडा ठरला असता. नव्या प्रशिक्षकाच्या हाती ती गेली आणि उपयोगी पडली.

नवे प्रशिक्षक म्हणजे आमच्याच मंडळाचा जुना खेळाडू. त्याची शिफारस पत्रात करावी की नाही, यावर प्रशिक्षकांचे आणि माझे मत वेगळे होते. मला वाटत होते की सात वर्षांच्या अनुभवी माणसाने नाव सुचवणे रास्त आहे. त्यांचे म्हणणे असे की नाव पत्रात आले की मंडळाला ते नाकारता येत नाही आणि नाकारले तर त्या पोराचा अपमान होतो. विचारले तर तोंडी सांगेन. ते बरोबर होते. अध्यक्षांनी विचारले, त्यांनी सांगितले, मंडळाने ठराव केला, आणि ठरावात त्यांच्या शिफारशीचा उल्लेख नाही. नव्या प्रशिक्षकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीही करून घेतली. त्याला सगळे लहानपणापासून ओळखत असल्यामुळे हे काहींना विचित्र वाटले, पण चौदा वर्षांखालील मुले ज्याच्या हाती द्यायची त्याच्याबाबत ओळखीवर भागवू नये, यावर सभेचे एकमत झाले.

22 जूनला मुलांना सांगण्याचा प्रसंग व्हायचा तसा झाला नाही, कारण सगळ्यांना आधीच माहीत होते. तरी त्यांनी सांगितले. मुले गुमसुम बसली होती. एका मुलाने चंद्रपूरला खो-खो खेळतात का, असे विचारले. विदर्भाचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत स्वतंत्र उतरतात, तेव्हा खेळतात तर, असे त्यांनी सांगितले. ‘मग सर, तुम्ही आमच्याविरुद्ध शिकवणार?’ असा पुढचा प्रश्न आला आणि तेथे सगळे हसले.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. दोन मुले त्या महिन्यात शेजारच्या गावच्या मंडळात गेली. त्यांतल्या एकाचे कारण फोटोचा तो प्रकार होता असे त्याच्या आईने स्पष्ट सांगितले. सचिवांनी तिची माफी मागितली, मुलगा काही परत आला नाही. फी माफ असलेला मुलगा राहिला, पण मंडळाने त्यानंतर फी माफीची नोंद नावाने न ठेवता पावती पुस्तकातील क्रमांकाने ठेवायला सुरुवात केली. प्रशिक्षक 5 जुलैच्या रात्री पालकांच्या गटातून बाहेर पडले. तरी ऑक्टोबरमध्ये निवड यादी लागली तेव्हा तिघा पालकांनी त्यांना चंद्रपूरला फोन करून आपल्या मुलाचे नाव का नाही, असे विचारलेच. त्यांनी तिघांनाही नव्या प्रशिक्षकांचा क्रमांक दिला.

यादीतील एक वस्तू 5 जुलैला हाती आली नव्हती. दोन स्टॉपवॉचपैकी एकच सापडले होते. दुसरे त्यांच्या सामानाच्या खोक्यात चंद्रपूरला गेले आणि ऑगस्टमध्ये टपालाने परत आले. पोच मी लिहिली. ती राजीनाम्याच्या फायलीत सर्वांत वर लावलेली आहे.